दहा म्हणजे किती शून्यं

अलमास, मोबाईल खाली ठेव. शकीला, तूपण. हे मी एकदाच सांगणारे आणि मध्येच थांबवलं ना, तर परत सुरूच होणार नाही माझं.

तुम्हाला माहितीये मी अक्कलकुव्याला त्या संस्थेच्या केंद्रात कॉम्प्युटरवर बसते. काम काय, तर डोंगरातल्या पाड्यांवर सिकलसेलची, त्या रक्ताच्या आजाराची, तपासणी होते, रक्त नंदुरबारच्या लॅबला जातं, तिथून कार्डं येतात. कार्डाचा साचा आधीच छापलेला असतो. डावीकडे नाव, मग गाव, मग नंबर, आणि अगदी उजव्या टोकाला तीन छोट्या चौकटी: साधे, वाहक, रुग्ण. आपण फक्त एक्सेलमधून नाव-गाव छापायचं आणि तिघांतल्या एका चौकटीत बरोबरची खूण पडायची, बस. साधे म्हणजे दोष नाहीच. वाहकाला स्वतःला सहसा काही होत नाही, पण नवरा-बायको दोघं वाहक असले तर प्रत्येक मुलामागे चारात एक अशी शक्यता, की मूल आजारी निघेल. म्हणून तिकडे आता लग्न ठरवताना दोघांची कार्डं शेजारी शेजारी ठेवून बघतात. आम्हीच सांगितलंय तसं. भिंतीवर रंगवलंय.

तर लॅबमध्ये बन्सीलालभाऊ आहेत, म्हसावदचे. ती कार्डाची फाईल त्यांनीच बनवलीये, पट्टी घेऊन, कार्डावर एकेक मिलिमीटर मोजून. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला, "हुमा, चार कार्डे प्रिंटरमा फसी गयात. फाईल धाडस, तूच छापी ले तठे."

म्हटलं धाडा. कोरी कार्डं होतीच माझ्याकडे. माझा लॅपटॉप नवाकोरा, दोनच महिन्यांचा. फाईल उघडली, चार कार्डं छापली, नावं रेघेवर नीट बसली, मला एवढं भारी वाटलं! कालीबाई आल्या होत्या, ज्यांची ती कार्डं त्यांच्या पाड्याच्या आशाताई, त्यांच्या पिशवीत टाकली आणि विसरले. खरंच विसरले.

चारही कार्डांवर खूण दुसऱ्या चौकटीत होती. वाहक. केंद्रातल्या नर्सबाई बघून म्हणाल्या, एकाच पाड्यातले चौघं, असतं असं, सगळे नातेवाईकच तर आहेत.

त्यातलं एक कार्ड रिनाचं.

रिना वसावे, आपल्याच वयाची. तिचं जगदीशशी ठरलेलं, म्हणजे ठरवलं दोघांनीच, नंतर घरच्यांनी हो म्हटलं. जगदीश वाहक आहे हे त्याला शाळेपासून माहीत, त्याच्या बहिणीला आजार आहे, थंडीत पोरगी हाडं धरून ओरडते. त्यामुळे त्याची आई म्हणालेली, मुलीचं कार्ड बघू आणि मगच तारीख धरू. तेवढ्यासाठीच रिनाने रक्त दिलेलं.

कार्ड मिळाल्यावर चौथ्या दिवशी ती केंद्रावर आली, वडिलांना घेऊन. करणसिंगदादा दारातच उभे राहिले, चप्पल काढून. मी म्हटलं दादा आत या, तर नाही म्हणाले, पायाला माती आहे.

रिनाने कार्ड टेबलावर ठेवलं. "ताई, हे परत बघ ना."

आता इथे ऐका, कारण इथेच मी माती खाल्ली. फाईलमध्ये चौकटींची नावं नाहीतच, ती कार्डावर छापलेली. ए, बी, सी मध्ये नाव, गाव, नंबर, आणि पुढे नुसते डी, ई, एफ असे कॉलम. रिनाची खूण डी मध्ये होती. डी म्हणजे पहिली चौकट, हे मोजून बघायचं सुचलंच नाही; डी कुठली, हे मी कशावरून ठरवलं? कार्डावरून. आणि कार्डावर ती पडलेली वाहकमध्ये, चौकटीच्या आत, रेघेला लागलेलीसुद्धा नाही. रेघेवर असती ना, तर शंका आली असती. तरी मी बन्सीलालभाऊंना फोन लावला, म्हणजे मी अगदीच काही केलं नाही असं नाही.

"भाऊ, कॉलमची रुंदी काही हलली का हो? तुमच्याकडे किती दाखवते? ए, बी, सी?"

"दहा, दहा, दहा. तुन्हाकडे कितली शे?"

मी बघितलं. "दहा, दहा, दहा."

"मंग काय हालनं? काहीच नई."

मी फोन ठेवला आणि रिनाला सांगितलं, कार्ड बरोबर आहे. याच तोंडाने. लॅबचं निकालाचं रजिस्टर त्यांच्याच टेबलावर असतं, रिनाचं नाव बघा एवढं म्हणायला किती लागलं असतं? दहा सेकंद. पण मी रुंदी विचारली. रुंदी सारखी होती, विषय संपला.

ती रडली वगैरे नाही. म्हणाली, "मग जगदीशच्या घरी काय सांगू?" मी तिला भिंतीवरचं दाखवलं. वाहक आणि वाहक. चार मुलांचं चित्र आहे तिथे, एक लाल रंगाचं. तिने ते बघितलं आणि कार्ड उचललं. करणसिंगदादांनी मला हात जोडले. मला, हं!

मार्चच्या शेवटी मोतीबाई आल्या. त्या पन्नाशीच्या, जुन्या पेशंट, आजार आहेच, वर्षानुवर्षं गोळ्या घेतात, आम्ही सगळे ओळखतो त्यांना. त्यांचं कार्ड फाटलेलं, म्हणून लॅबच्या जुन्या यादीतली त्यांची ओळ, खुणेसकट, मी त्याच फाईलमध्ये टाकून नवं काढून दिलं. त्यांनी ते उन्हात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"पोरी, यात मी कुठेच नाही. बरी झाले का मी?"

मी हसले आधी. मग बघितलं. खूण तिन्ही चौकटींच्या बाहेर पडलेली, उजवीकडे, कोऱ्या जागेत.

पुन्हा छापलं. तिथेच. मोतीबाईंची खूण रुग्णच्या चौकटीतच पाहिजे, यात तर काही वादच नाही. आणि ती एक घर पुढे सरकलेली. मग माझ्या डोक्यात ती चार कार्डं आली आणि सांगते तुम्हाला, मला काहीच वाटलं नाही. कानात कापूस घातल्यासारखं झालं नुसतं. मी मोतीबाईंना पाणी दिलं, त्यांच्या गोळ्या मोजून दिल्या, रजिस्टरवर अंगठा घेतला. सगळं नीट केलं.

मग लॅबला फोन. "भाऊ, ती चार नावं रजिस्टरला बघा." त्यांनी वाचली. साधे. साधे. साधे. साधे.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले सकाळच्या गाडीने, त्यांचा जुना लॅपटॉप घेऊन. दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवले, तीच फाईल दोन्हीकडे. आकडे सारखेच! ते आपले म्हणतायत, "अव, आकडा तोच शे ना, मंग जागा कशी हालनी?" मी कॉलमच्या कडेवर माऊस नुसता दाबून धरला. तिथे छोटी पाटी येते ना, तीत रुंदी येते आणि शेजारी कंसात पिक्सेल. त्यांच्याकडे: दहा, पंचाहत्तर पिक्सेल. माझ्याकडे: दहा, पंच्याऐंशी पिक्सेल.

दहा म्हणजे दहा काय, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. ते सेंटिमीटर नाहीत, काही नाहीत. दहा म्हणजे दहा अक्षरं, शेजारी शेजारी दहा शून्यं मावतील एवढी जागा. आणि कुठल्या फॉन्टची शून्यं? फाईलची जी मूळ स्टाईल असते, त्या फॉन्टची. सेलमध्ये तुम्ही काय लिहिलंय त्याचा काही संबंध नाही. भाऊंनी त्या मूळ स्टाईललाच एक मराठी फॉन्ट लावून ठेवलेला, कुठून तरी डाउनलोड केलेला, बारीक आकड्यांचा. त्यांच्याकडे एक शून्य सात पिक्सेलचं. दहाचे सत्तर, वर कडेचे पाच. माझ्या लॅपटॉपमध्ये तो फॉन्टच नाही. वरच्या खिडकीत नाव दिसतं हं त्याचं, फसवं, नाव दिसतं आणि फॉन्ट नसतो! मग लॅपटॉप आपल्या मनाने दुसरा घेतो, आणि त्याचं शून्य आठ पिक्सेलचं. ऐंशी आणि पाच.

"म्हंजे दोन्हीकडे वीतभरच," बन्सीलालभाऊ म्हणाले, "पन हात दुसराना."

एका कॉलममागे दहा पिक्सेल. नाव पहिल्या कॉलममध्ये, ते डाव्या कडेपासून सुरू होतं, हललंच नाही. गाव जरासं सरकलं. नंबर अजून थोडा. आणि चौकटींपर्यंत पोचेस्तोवर तीस पिक्सेल, म्हणजे कागदावर आठ मिलिमीटर. चौकट आहे सात मिलिमीटरची. भाऊंनी पट्टी लावून मोजलं, दोनदा.

"मन्ही चूक शे," म्हणाले. "फाईल धाडी, फॉन्ट नई धाडा. पीडीएफ धाडाले पाहिजे व्हती."

मी नाही म्हटलं नाही. माझी नाही, असंही म्हटलं नाही.

त्यांनी त्यांच्या लॅपटॉपवरून पीडीएफ काढली, त्यात सगळं गोठून जातं, जिथल्या तिथे राहतं, आणि चारही कार्डं माझ्या प्रिंटरवर छापली. पट्टी लावली. साधे, साधे, साधे, साधे.

मी आणि कालीबाई जीपने गेलो वर. तीन घरं पटकन झाली. एक म्हातारे, दोन लहान मुलं, त्यांना काही फरकच पडला नव्हता, कोणी विचारलंसुद्धा नाही. रिनाच्या घराच्या अलीकडे कालीबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, जगदीशचं लग्न झालं हो. होळीनंतर. साधी मुलगी बघितली, कार्ड बघून."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

रिना अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, फॉन्ट, शून्यं, पिक्सेल, सगळं, एका दमात, जसं तुम्हाला सांगतेय तसंच. ती फुलं पसरवत राहिली. मध्ये एकदा विचारलं, "म्हणजे रक्त बरोबर होतं?"

"रक्त बरोबर होतं. कागद चुकला."

"तू फोन केलेला ना तेव्हा? माझ्यासमोर?"

"केलेला. चुकीचं विचारलं मी."

तिने हात पुसले, कार्ड घेतलं आणि बोट ठेवून चौकट वाचली. आतून करणसिंगदादा खाट घेऊन आले माझ्यासाठी. मी बसले नाही. मग बसले.

"जगदीशला माहीत आहे?" रिनाने विचारलं.

"नाही. सांगू का?"

"नको," ती म्हणाली. "तिचा काय दोष. तिचं कार्ड तर खरंच साधं आहे ना?"

मी म्हटलं, तिचं लॅबमधूनच छापलेलं, बरोबर आहे. माझ्याच तोंडून आलं ते परत, कार्ड बरोबर आहे.

कार्डाची मागची बाजू बघत ती म्हणाली, "आता कोणी बघायला आलं तर हे दाखवायचं ना?"

"हो."

"जुनं बघितलंय सगळ्यांनी. ते म्हणतील हे नंतर बनवून आणलं. तू मागे लिही. आधीचं चुकलेलं म्हणून. सही कर, शिक्का मार."

शिक्का केंद्रावर होता. मी पेन काढलं आणि कार्डाच्या मागे लिहिलं, आधीचे कार्ड छपाईत चुकले होते, हे खरे आहे. नाव लिहिलं माझं, पूर्ण. तारीख टाकली. ती शेजारी उभी राहून एकेक अक्षर वाचत होती, आणि माझा हात इतका स्थिर होता, अलमास, इतका स्थिर, की मलाच बघवेना. मग तिने कार्ड परत माझ्या हातात दिलं, म्हणाली शिक्का मारून कालीबाईंकडे पाठव, आणि ऊन जायच्या आत उरलेली फुलं पसरवायला वळली.