मोडलेली कानस

सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवून झाल्यावर आम्रपालीला कायमच्या जागेसाठी स्वतःच्याच वर्गात परीक्षा द्यायची होती. चिंचवडच्या या पॉलिटेक्निकमध्ये दोन उमेदवार उरले होते, ती आणि बाहेरून आलेला निरंजन. डेमो पाच मिनिटांचा: मागच्या तासाची उजळणी घ्यायची, आजचा विषय मांडायचा. विषय दोघांना एकच, टेंपरिंग. मागच्या बाकावर निवड समिती.

आदल्या दिवशी तिने मुलांना बजावलं होतं, "कोणीही येऊ दे, नीट उत्तरं द्यायची. कॉलेजची शोभा व्हायला नको." कुणी सांगितला होता हा शहाणपणा!

चिठ्ठीत निरंजनचा नंबर आधी लागला. आम्रपाली दाराबाहेर व्हरांड्यात उभी राहून ऐकत होती.

"मागच्या तासाला काय पाहिलं आपण?" निरंजनने विचारलं. जणू मागचा तास यानेच घेतला होता.

तिचा हुशार विद्यार्थी धनेश उठला. "सर, हार्डनिंग. पोलाद लालभडक तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, पण ठिसूळही होतं." एवढ्यावर न थांबता त्याने टेबलाच्या खणातून कानशीचे दोन तुकडे काढले. "ही व्हाइसच्या जबड्यात घट्ट धरून हातोडी मारली, तर वाकली नाही. सरळ मोडली."

लोखंड घासायची ती कानस तिच्या वडिलांची, साहेबरावांची. तीस वर्षं कंपनीच्या भट्टीवर काढून त्यांनी घरी जपून ठेवलेली. लेकीच्या वर्गासाठी त्यांनी ती मोडायला दिली होती.

"छान," निरंजन म्हणाला. "मग थोडा कडकपणा सोडून ठिसूळपणा कसा घालवायचा? पुन्हा तापवायचं, पण लाल होऊ द्यायचं नाही. तेच टेंपरिंग. आज ते पाहू." माणूस वाईट नव्हता, तयारीचा होता. म्हणून तर तिचा जास्तच जळफळाट झाला.

तिची पाळी आली. "मागच्या तासाला आपण काय पाहिलं?" नियमाप्रमाणे तिनेही विचारलं.

धनेश चाचरत उठला. "मॅडम, हार्डनिंग. पण ते... आत्ता सरांनी घेतलं."

समितीतले बाहेरून आलेले एक गृहस्थ घड्याळ बघत म्हणाले, "उजळणी झालीय. आणि कानशीचं उदाहरणही झालंय. तुमचं स्वतःचं काही असेल तर सांगा."

ते तुकडे माझेच आहेत, एवढंच वाक्य म्हणायचं होतं. पण ते म्हटलं तर तिने पढवलेलंच धनेश बोलला असं दिसलं असतं, आणि न म्हटलं तर ती उसनं घेणारी ठरली असती. तिने सरळ टेंपरिंग मांडलं. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. त्या पाच मिनिटांत तिला धनेशचा मनापासून राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली.

सोमवारी विभागप्रमुख ज्ञानेश सरांनी तिला बोलावलं. निरंजन शेजारीच बसला होता.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. निवड सरांची झालीय, वर्ग आजपासून त्यांच्याकडे. फक्त मागच्या तासाला कुठपर्यंत झालंय ते यांना सांगून ठेवा. उजळणी घ्यायला बरं पडेल."

आम्रपालीने वर्गातल्या खणातले कानशीचे तुकडे आणून टेबलावर ठेवले.

"इथपर्यंत," ती म्हणाली.