सतरा मेचा मेसेज

बाईचा चेहरा एकदा पाहिला की मी विसरत नाही, असं मी वीस वर्षं मिरवत आले. रिसोडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझं पार्लर आहे. दारावर पडदा, पडद्यावर 'पुरुषांना प्रवेश नाही' अशी पाटी. आत येणारी प्रत्येक बाई माझ्या तोंडपाठ. कोणाची भुवई डावीकडे विरळ, कोणाला मेंदीनं खाज सुटते, कोणाची सासू बाहेर रिक्षात बसून वाट पाहते, सगळं. म्हणूनच जे झालं ते माझ्या जास्त जिव्हारी लागलं. आपली शेखी आपल्याच तोंडावर आपटली की फार लागतं.

त्याचं असं झालं, की समोरच्या रस्त्यावर नवं पार्लर उघडलं. थंडगार, काचेच्या दाराचं. त्यांच्याकडून गिऱ्हाइकांना वाढदिवसाचे मेसेज जायला लागले, फुलंबिलं असलेले. माझी जाऊ वैभवी सेतू केंद्रात कॉम्प्युटरवर बसते. ती म्हणाली, "वैजयंतीताई, तुमी काहून मागं राह्यता? एक ॲप हाय. नाव, नंबर, तारीख भरून ठेवायची. त्या दिवशी सकाळी मेसेज आपोआप जाते."

आपोआप! मला हा शब्द फार आवडला. मी माझ्या दोन वह्या तिच्यापुढे टाकल्या. पहिलीत नेहमीच्या बायकांचे वाढदिवस होते, ते मीच हौसेनं विचारून लिहिलेले. दुसरी वही नवरीच्या मेकअपच्या बुकिंगची. त्यात नाव, गाव, फोन आणि एक रकाना, 'कार्यक्रमाची तारीख'.

"हा रकाना कायचा?" वैभवीनं विचारलं.

"लग्नाची तारीख. दुसरं काय असणार?" मी एका बाईच्या ओठावर दोरा फिरवत होते. मान वळवूनही पाहिलं नाही.

तिनं तो रकाना लग्नाच्या वाढदिवसात टाकला. चूक तिची नाही. तिनं विचारलं होतं.

सुरुवातीला मजा आली. बायका हसत यायच्या, "तुमाले बरं ध्यानात राह्यलं!" म्हणायच्या आणि मी फुगायचे. एकदा सौदागरबाई मात्र तोंड पाडून आल्या. वाढदिवसाच्या मेसेजमध्ये मी खाली एक ओळ जोडली होती, की केस रंगवायला तुम्हाला दीड महिना झाला. तो मेसेज त्यांच्या नव्या सुनेनं वाचला. "वैजू, माह्ये केस काळे हायेत असं घरात सांगतलं होतं मी," एवढंच त्या म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं. तिथंच शहाणं व्हायला पाहिजे होतं. पण दुसऱ्याला ठेच लागली की आपण कुठे शहाणे होतो?

आता निकिताचं सांगते. ॲपच्या थोडं आधीची गोष्ट. रिठदच्या जगदेवभाऊंची मुलगी. तिच्या लग्नाची मेंदी मी काढली होती, कोपरापर्यंत. लग्न सतरा मेला होतं. सोळाला दुपारी ते मोडलं. आणि सतराच्या सकाळी सात वाजता ही पोरगी एकटी माझ्या पडद्यापाशी उभी.

"आज माही वेळ हाय ना?" ती म्हणाली. "लिहून ठेवली हाय ना तुमी?"

मी तिला खुर्चीत बसवलं. तिनं दोन्ही हात पुढे केले. "हे काढून द्या."

मेंदी कुठे निघते? मी लिंबू लावलं, खायचा सोडा लावला, कोमट पाण्यात हात बुडवून बुडवून चोळले. दोन तास चोळत होते. तळहात लाल झाले, रंग होता तसाच. शेवटी मी म्हटलं, "बाई, पंधरा दिवसांत आपोआप जाईल." त्या दोन तासांत तिनं मला लग्न का मोडलं ते सांगितलं. आणि मी तिला शब्द दिला, की हे या खुर्चीच्या बाहेर जाणार नाही. तो शब्द मी आजही पाळते आहे. तुम्हालाही सांगणार नाही.

शब्द पाळला. तारीख मात्र विसरले. वहीत तिच्या नावापुढे 'रद्द' लिहायचं राहून गेलं. उलट मेंदी झाली म्हणून आदल्या दिवशी केलेली बरोबरची खूण तशीच होती.

एक वर्ष गेलं. पुन्हा सतरा मे आला, रविवार होता. त्या दिवशी निकिताला पाहायला अनसिंगहून रुपाबाई आणि त्यांचा मुलगा उत्कर्ष आले होते. हे मला नंतर कळलं. निकितानं बापाला म्हटलं होतं, या तारखेले नको. जगदेवभाऊ म्हणाले, वाईट दिवसावरच चांगली गोष्ट करून टाकू, म्हणजे तो दिवस धुऊन निघते. पाहुण्यांना मागच्या मोडलेल्या लग्नाचं त्यांनी सांगितलं नव्हतं. जमल्यावर सांगू, असं मनात होतं. चहा झाला. उत्कर्षला शेतातल्या नव्या विहिरीचे फोटो दाखवायला त्यांनी आपला फोन त्याच्या हातात दिला. बुकिंगच्या वेळी माझ्या वहीत लिहिलेला नंबर त्याच फोनचा होता.

बरोबर अकरा वाजता माझा मेसेज त्या फोनवर उतरला. 'प्रिय निकिताताई, लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाच्या तुम्हा दोघांना हार्दिक शुभेच्छा. तुमची, वैजयंती.'

पोरगं वाचत राहिलं. मग त्यानं फोन आईला दिला.

जगदेवभाऊ दुपारी माझ्या पायरीवर आले. पाटी पाहून पडद्याबाहेरच उभे राहिले. मी बाहेर गेले तर त्यांनी फोन पुढे केला. मी वाचलं.

"पोरीचं एक लग्न झालेलं हाय, आमी लपवलं, असं समजून ते उठून गेले जी," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "तुमची वही द्या. त्याच्यात रद्द लिहेल असन ना? तेवढं दाखवतो मी त्याइले."

मी वही उघडली. निकिता, रिठद, सतरा मे आणि पुढे बरोबरची ठसठशीत खूण. भाऊंनी ती पाहिली. मीही पाहिली.

"वही नको," मी म्हटलं. "मी येते. मी सांगते."

पण निघायच्या आधी मी एक गोष्ट केली, जी वर्षभर कोणाच्याच बाबतीत केली नव्हती. विचारलं. निकिताला फोन लावला. "बाई, मी चुकले. माफी तोंडानं मागते, ती पुरणार नाही. मी अनसिंगला जाऊन सांगू का? आणि काय काय सांगू?"

 ती म्हणाली, "लगन लागलं नाई, एवढं सांगा. बाकीचं माहं हाय."

अनसिंगला रुपाबाईंनी आम्हाला पाणी दिलं, चहा दिला नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की मेसेज मशीननं गेला, चूक माझी, बुकिंगची तारीख मी लग्नाची धरली. लग्न लागलंच नाही. सतरा तारखेला सकाळी सातपासून नऊपर्यंत ही मुलगी माझ्या खुर्चीत होती आणि मी तिच्या हातावरची मेंदी चोळत होते.

"मंग मोडलं काहून?" रुपाबाईंनी विचारलं.

"मले ठाऊक हाय," मी म्हटलं. "पण ते तिचं हाय. तिले विचारा. ती सांगन तेवढं खरं."

रुपाबाई म्हणाल्या, "आमाले लगन मोडल्याचं काई नोतं बाई. मोडतेत लग्नं. पण मशीनच्या तोंडून समजलं ना आमाले. आता कोणाचं खरं मानावं?"

जगदेवभाऊंनी मान खाली घातली. लपवलं त्यांनी होतं हे खरं. पण सांगायची वेळ त्यांची होती, आणि ती मी हिसकावून घेतली होती. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कोणी पाहिलीच नव्हती.

ॲप मी अनसिंगहून आल्या रात्रीच बंद करवलं होतं. सौदागरबाईंची माफी मागून आले, उशिरा का होईना. मग पुठ्ठ्याची कार्डं कापली आणि त्यांवर लिहिलं: मेसेज पाठवू का? कोणत्या नंबरवर? तो फोन आणखी कोण वाचतं? तारीख कोणती, वर्ष लिहू नये. लग्नाची तारीख स्वतःहून सांगावीशी वाटली तरच. पार्लरमध्ये काय केलं ते मेसेजमध्ये कधीच लिहिणार नाही. नको असेल तर 'नको' एवढं लिहून पाठवा. एकेक बाई बसली की तिच्या हाती कार्ड आणि पेन. काहींनी भरलं, काहींनी नको म्हटलं. नको म्हणणाऱ्या निम्म्याहून जास्त निघाल्या. वर्षभर मी त्यांना पाठवत होते आणि त्या हसून सोडून देत होत्या.

निकिता आली नाही. जून गेला, पोळा गेला. ती काचेच्या दाराच्या पार्लरमध्ये जात असेल असं मी धरून चालले. तिथंच जावं तिनं, माझी काही तक्रार नव्हती. तिच्या नावाचं कार्ड मी कोरंच ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. ड्रॉवर उघडला की ते दिसायचं.

दिवाळीच्या आधी ती आली. भुवया करायच्या म्हणाली. मी दोरा धरला तर हात थरथरत होता. तिनं ते पाहिलं. "ताई, डोळा वाचवजा," ती म्हणाली. मी हसू का रडू, मला कळेना.

झाल्यावर मी कार्ड पुढे केलं. म्हटलं, "भरायलाच पाहिजे असं नाही." तिनं स्वतःचा नंबर लिहिला. वाढदिवस लिहिला, नऊ फेब्रुवारी. मग पेन थांबलं.

"सतरा मेले काय पाठवसान?"

"काही नाही गं! आता कधीच नाही!"

"यंदा त्या दिवशी मले कोणीच काई बोललं नाई," ती कार्डाकडे पाहत म्हणाली. "बाबा नाई, आई नाई, मैत्रिणी नाई. सगळ्याइले ठाऊक होतं, म्हणून सगळे गप. सकायपासून मी वाट पाहून राह्यली होती, कोणीतरी विचारन म्हणून. तुमचा एकच मेसेज आला. त्यो बी चुकीचा."

मी तिचे हात धरले. तळहात स्वच्छ होते.

"कशी हायेस, एवढंच विचारजा," ती म्हणाली. "पण कार्डावर लिहू नका. फोनमध्ये बी टाकू नका. ध्यानात राह्यलं त पाठवा."

"आणि नाही राहिलं तर?"

"त नका पाठवू. मले समजन."

ती गेली. मी कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवलं, त्यावर सतरा मे लिहिलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी पडदा बाजूला करताना मी ती तारीख एकदा मनात म्हणून घेते. अजून सहा महिने आहेत.