दोन मिनिटांत न बसलेलं वाक्य

"छान लिहिलं आहे त्यानं, दामिनी. फारच छान लिहिलं आहे," अपेक्षा म्हणाली आणि गप्प झाली.

दामिनीला ती चुप्पी खटकली. अपेक्षा तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. रेडिओवर निवेदन करायची, एरवीही तिच्या तोंडाला खळ नसे. लग्नात सप्तपदी झाल्यावर जेवणं सुरू होण्याआधी नवरा-नवरीनं एकमेकांना दोन-दोन मिनिटांची वचनं द्यायची, ही कल्पना दामिनीची. ऋषिकेशनंही ती लगेच उचलून धरली होती. वचनं एकमेकांना दाखवायची नाहीत, पण एकाचं पुराण आणि दुसऱ्याचं चार ओळींत उरकलेलं असं होऊ नये, म्हणून दोन्ही आधी अपेक्षानं वाचायची, असं ठरलं होतं.

"छान आहे तर तोंड काहून पाडलं वं?"

"काय लिहिलं ते मी सांगणार नाही. ठरलं ना आपलं? पण एक सांगते. त्यातलं तुझं नाव काढून दुसऱ्या कोणत्याही पोरीचं टाकलं, तर एक अक्षर बदलावं लागत नाही."

दामिनी हसली, पण ते शब्द काट्यासारखे रुतून बसले.

तिनं स्वतःचं लिहायला किती त्रास काढला होता! दामिनी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर होती, उमरेडच्या पुढे. दुपारी दवाखाना रिकामा झाला की ती दार लोटून मोठ्यानं वाचायची. पहिला मसुदा चार पानांचा झाला होता. "लिहिलेलं वाचायले बरं वाटते, बोलताना दम लागते," अपेक्षानं बजावलं होतं. "थांबत थांबत बोलायचं तर दोनशे शब्दांच्या वर जाऊ नको. आणि 'सदैव', 'जन्मोजन्मी' हे सगळं काढ. जे करशील तेच बोल." मग दामिनीनं काट मारायला सुरुवात केली. जिथे जीभ अडखळली ते वाक्य तोडलं. जो विनोद फक्त त्या दोघांनाच कळला असता, तो काढला. शेवटी जे उरलं त्यात ऋषिकेश होता, कागदावर बोट ठेवून दाखवता येईल असा. भांडण झालं की तो गाडी धुवायला काढतो, हे होतं. तिच्या वडिलांशी बोलताना तो फोन उलटा करून ठेवतो, हे होतं.

आणि त्याच्या वचनांत आपण नाही? वर्षभर भेटतो आहोत आपण. लिहिता येत नाही म्हणावं, तर तो माणूस साध्या मेसेजमध्येही बारीकसारीक लिहितो.

दोन दिवसांनी तिनं अपेक्षाला फोन लावला. "बोलली का त्याच्याशी?"

"बोलली. तो म्हणे, आधी एक परिच्छेद होता, वेळेत बसत नव्हता म्हणून काढला."

"कशाबद्दल होता?"

"दामिनी..."

"एवढंच सांग."

अपेक्षानं सुस्कारा सोडला. "तुझ्या दवाखान्याबद्दल होता म्हणे. आता पुढे विचारू नको."

"आणि आता किती वेळाचं आहे त्याचं?"

"सव्वा मिनिटाचं," अपेक्षाच्या तोंडून निघून गेलं, आणि दोघींच्याही एकदमच ते ध्यानात आलं. पाऊण मिनिट शिल्लक होतं. वेळ नव्हता म्हणणारा खोटं बोलत होता.

त्या दिवसापासून दामिनीला प्रत्येक गोष्टीत संशय यायला लागला. ऋषिकेश फोनवर "आज केस होती का?" असं आता विचारत नव्हता. पूर्वी विचारायचा. रात्री एखाद्या गावाहून म्हैस अडल्याचा निरोप आला आणि ती निघाली, की ती पोचेपर्यंत तो मेसेज करत राहायचा. आता मात्र, "आई बाजूलेच आहे, नंतर बोलतो," म्हणून फोन ठेवायचा. आई बाजूला असल्यानं म्हशीचं काय बिघडत होतं?

रविवारी यमुताईंनी, म्हणजे ऋषिकेशच्या आईनं, तिला साड्या पाहायला कोराडीला बोलावलं. ऋषिकेशचे वडील मनोहरराव वीज केंद्रात होते, निवृत्तीला वर्ष होतं. वसाहतीतल्या त्या क्वार्टरच्या गॅलरीत राखेचा बारीक थर साचायचा. यमुताई दिवसातून दोनदा तो पुसायच्या. बाई प्रेमळ होत्या. दामिनीच्या ताटात त्यांनी आग्रहानं दुसरी पुरणपोळी वाढली, तिच्यावर तूप सोडलं आणि सहज म्हणाल्या, "तुले आता एवढ्या दूर जा-ये करून किती थकवा येत असंन. चला, थोडेच दिवस राहिले."

"म्हणजे?" दामिनीनं घास तोंडाशी धरून विचारलं.

"दिवाळीपर्यंत शहरात बदली नाही झाली तर तू सोडणार ना नोकरी? ऋषिकेश म्हणला. रातबिरात गावोगाव हिंडणं लग्नानंतर नाहीच जमत, बेटा. त्याच्यावरच तर मी होकार देला."

दामिनीनं घास गिळला. "कधी म्हणाला, काकू?"

"साखरपुड्याच्या आधी."

समोर ऋषिकेश बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. पोळीचा तुकडा दुधात बुडवत राहिला, विरघळून गेला तरी.

तो तिला सोडायला निघाला. कोळशाच्या ट्रकांच्या मागे गाडी सरकत होती. वसाहतीचं फाटक मागे पडल्यावर दामिनी म्हणाली, "गाडी बाजूले घे."

त्यानं एका चहाच्या टपरीशी गाडी लावली. कोणीच उतरलं नाही.

"मले काय सांगतलं होतं तू?"

"की घरच्यांचं काही म्हणणं नाही."

"आणि त्यांना सांगतलं की मी सोडणार."

"आई नाहीच म्हणून राहिली होती गं," तो गडबडला. "मी म्हटलं, एकदा लग्न होऊन जाऊ दे. तुले पाहिलं, तुझं काम पाहिलं की तिचं मन बदलंल. मले तुले सोडायला लावायचं नव्हतंच. आताही नाही."

"मग तो परिच्छेद काहून काढला?"

त्यानं स्टिअरिंगवर अंगठा घासला. "कारण तो मी आईसमोर वाचू शकलो नसतो," तो म्हणाला. "लिहिला तेव्हा बरं वाटलं. मोठ्यानं वाचून पाहिला, तर पहिल्या रांगेत ती बसलेली दिसली."

हे खरं होतं, हे दामिनीला कळलं. पण आज खरं बोलणारा काल दोन तोंडांनी बोलला होता. मग याच्या कोणत्या तोंडावर विश्वास ठेवायचा?

"ऐक," ती म्हणाली. "तो परिच्छेद परत टाक असं मी म्हणत नाही. स्टेजवरून माईकमधून आईले कळावं, हे तर मले बिलकुल नको. वचन म्हणजे काही बॉम्ब नाही, सगळ्यांसमोर फोडायले. आधी घरी सांग, तिच्या तोंडासमोर बसून. मग वाटलं तर लिही. नाही सांगता आलं, तर मले येऊन तसं सांग. आपण लग्नाचा पुन्हा विचार करू."

"पत्रिका वाटून झाल्या, दामिनी."

"माहीत आहे."

चार दिवसांनी त्याचा मेसेज आला. "सांगितलं." एवढाच. फोन केला तर म्हणाला, "आई काही बोलली नाही."

काही बोलली नाही? यमुताई? दामिनीचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. दुसऱ्याच दिवशी यमुताईंचा फोन आला, बांगड्यांचं माप विचारायला. आवाज नेहमीसारखा गोड, नोकरीचा शब्द नाही. खरंच सांगितलं असतं तर ही बाई इतकी शांत राहिली असती का? सरळ विचारून टाकावं, असं तिच्या ओठांशी आलं होतं. पण विचारलं आणि त्यानं सांगितलेलंच नसलं, तर आपल्याच तोंडून फुटलं असतं. तिनं माप सांगितलं आणि फोन ठेवला.

अपेक्षाकडे त्याचा नवा मसुदा आला होता. या वेळी अपेक्षानं तोंड घट्ट मिटलं. "दोघांचंही दोन मिनिटांत बसते," एवढंच म्हणाली. शेवटी दामिनीनं स्वतःसाठी दोन वेगळी कार्डं लिहिली. एक, त्यानं सांगितलेलं असेल तर. दुसरं, नसेल तर. दुसऱ्या कार्डावर वचन नव्हतंच. फक्त वऱ्हाड्यांचे आभार होते. पुढचं मग बंद दाराआड.

शहराबाहेर, बेसाच्या लॉनवर लग्न लागलं, सप्तपदी झाली. लोक जेवणाच्या मांडवाकडे पाहायला लागले होते, तेवढ्यात अपेक्षानं माईकवरून सांगितलं, "फक्त चार मिनिटं बसा. भाजी थंड होणार नाही." लोक हसले आणि बसले.

ऋषिकेशनं माईक घेतला. दामिनीची नजर त्याच्यावर नव्हती. ती पहिल्या रांगेतल्या यमुताईंकडे पाहत होती.

"दामिनी, मले गोड बोलता येते. त्याच्यानंच घोळ झाला," तो म्हणाला. पाठीमागे कोणीतरी हसलं. "दोघांनाही बरं वाटावं म्हणून मी दोघांना दोन गोष्टी सांगतो. ही सवय मी सोडणार आहे, आणि सुटली नाही तर तू मले लगेच टोकशील. रात्री तुले गावावरून फोन आला, तर मी 'आताच काहून' असं म्हणणार नाही. डबा भरून देईन. मले फक्त खिचडी येते, तीच देईन. तू नोकरी करशील की नाही, कुठे करशील, हे घरात कोणी मले विचारलं तर मी सांगेन, दामिनीले विचारा. आणि तुझ्या अंगाले दवाखान्याचा वास येते म्हणून मी कधी नाक मुरडणार नाही. तो वास मले आवडत नाही. पण तो तुझा आहे."

यमुताई दचकल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला, मनोहररावांकडे एकदा पाहिलं आणि मांडीवरच्या अक्षता वेचायला लागल्या. धक्का बसलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. त्यांना ठाऊक होतं. त्यानं खरंच सांगितलं होतं.

दामिनीनं दुसरं कार्ड पहिल्याच्या मागे सरकवलं. तिनं माईक घेतला. वाचता वाचता पहिल्या कार्डावरचं "मी तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवीन" हे वाक्य आलं. ते तिनं गाळलं. त्या जागी जे बोलली ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. "मले शंका आली तर मी मनात ठेवून तुझ्यावर पहारा करणार नाही. त्याच दिवशी तुले विचारीन."

टाळ्या पडल्या, बेताच्याच. लोक ताटांकडे धावले.

जेवणाच्या रांगेत यमुताई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "त्यानं मले सांगतलं होतं. मी अजून हो म्हटलं नाही."

"हो, आई. मले वाटलंच होतं."

"रातच्याले जाते तू, तर सोबत कोण असते?"

हा काळजीचा प्रश्न होता की उलटतपासणीचा, हे दामिनीला कळलं नाही. यमुताईंच्या चेहऱ्यावरून तर मुळीच नाही. तरी तिनं सरळ उत्तर द्यायचं ठरवलं.

"रुपराव असतात, दवाखान्यातले परिचर. आणि ज्याची म्हैस तो येते गाडी घेऊन."

"हं," यमुताई म्हणाल्या, आणि तिच्या ताटात वडाभात वाढायला पुढे झाल्या.