गद्दाराचं नाव

"तुला माहीत आहे, आणि तू सांगत नाहीस," असं म्हणून यांनी मी टाइप केलेले कागद उशीखाली सारले.

तेहतीस वर्षं मी नवऱ्याच्या हेरकथा टाइप करते आहे. यांची पद्धत अशी, की गद्दार कोण ते शेवटच्या प्रकरणापर्यंत मलाही सांगायचं नाही. टिपण नाही, आराखडा नाही, सगळं डोक्यात. टाइप करता करता माझा संशय सगळ्यांवर फिरला की स्वारी खूश. आता एकोणीस प्रकरणं झाली, शेवटचं राहिलं, आणि गद्दाराचं नाव हे स्वतःच विसरले. डॉक्टर म्हणाले, आठवण अशीच जात राहणार. यांना मात्र वाटतं, मी आणि मुलगी मिळून ते नाव लपवतोय. जेवणसुद्धा धड जात नाही.

"अहो, माहीत असतं तर दोन महिने तुमचे हाल बघत बसले असते का मी?"

"गद्दार असंच बोलतो," हे म्हणाले. हसावं की रडावं, कळेना.

दुपारी यांचा डोळा लागल्यावर मी कागद काढून पहिल्यापासून वाचायला बसले. काय लबाड लिहितात हे! दुसऱ्या प्रकरणात नायक चिठ्ठी वाचून जाळतो, पण मजकूर हे आपल्याला दाखवत नाहीत. झालं, तिथून त्याच्यावरचाही भरवसा उडतो. पाचव्यात वायरलेसवाला शत्रूला नकाशा देतो, म्हणून आपण त्याला शिव्या घालतो. नवव्यात कळतं की नकाशा खोटा होता, माणूस आपलाच. जरा हायसं वाटतं, तोच चौदाव्यात प्रश्न येतो: खोटा नकाशा काढला कोणी, आणि खरा गेला कुठे? की संशय नकाशेवाल्यावर. प्रत्येकाला एक चांगुलपणा आणि एक हिशेब न लागणारा अर्धा तास दिलेला.

मग मी माणसांचा नाद सोडला. आपल्या माणसांच्या लपायच्या जागेवर तीनदा धाड पडली होती. धाडीआधी ती जागा कोणाला माहीत होती, एवढंच कागदावर मांडलं. तिन्ही वेळा एकच निघाली, नर्स. दर वेळी ती कोणाची तरी जखम बांधत होती, आणि मी मेली जखमेकडेच बघत राहिले होते. सगळं डोळ्यांसमोर ठेवलं होतं यांनी. माझ्या माणसाचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

विसावं प्रकरण मी लिहिलं. यांच्यासारखी आखूड वाक्यं, यांच्यासारखाच पाऊस.

चार दिवस हे खिडकीशी बसून अख्खी कादंबरी वाचत होते. शेवटचं पान खाली ठेवून खुदकन हसले.

"नर्स! अजिबात कळू दिलं नाही गं त्यानं."

त्या दिवशी यांनी दोन घास जास्त खाल्ले. मग हात पुसत विचारलं, "या लेखकाचं आणखी काही आहे का आपल्याकडे?"

मी कपाटातून यांचंच पहिलं पुस्तक काढून, धूळ पुसून हातात दिलं.

यांनी चष्मा चढवला. "शेवट सांगू नकोस हं," म्हणाले.