पोटमाळ्यावर अकरापर्यंत

घरातली सगळ्यात भारी जागा केदारने बाबांना दिली होती. माजिवड्याच्या त्या टॉवरमध्ये सर्वात वरचा फ्लॅट, दिवाणखान्याला दोन मजल्यांची उंची, पश्चिमेला खालपासून वरपर्यंत काच, आणि जिना चढून गेलं की दिवाणखान्यावर झुकलेला उघडा पोटमाळा. "बाबांनी आयुष्यभर बॉयलरच्या खोलीत काढलं. आता वर राजासारखं बसायचं, सगळं घर नजरेखाली," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. विठ्ठलराव त्यावर नुसती मान हलवायचे. मुलाने इतक्या मानाने दिलेली जागा नको कशी म्हणणार?

आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, चहा पिता पिता, ते म्हणाले, "रविवारी मी ठाकुर्लीला जातो. कायमचा."

केदारने कप खाली ठेवला. ठाकुर्लीच्या खोलीत ते एकटे. फेब्रुवारीत तिथेच चक्कर येऊन पडले होते, आणि शेजाऱ्यांना कळायला दोन तास लागले होते. म्हणून तर त्यांना इकडे आणलं.

"काय झालं बाबा? कुणी काही बोललं का?"

"अरे, कोण बोलणार? मला तिकडं बरं वाटतं."

केदारने त्याच्या परीने उपाय काढला. बाबांना आडोसा हवा असणार. त्याने रघु मिस्त्रीला फोन लावला आणि पोटमाळ्याच्या कठड्यापासून छतापर्यंत काच बसवायला सांगितली. शुक्रवारी मापं घ्यायची, बुधवारी काम.

त्याच्या बायकोला, संचिताला, मात्र हे पटेना. ती वागळे इस्टेटमधल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायची. आधी मोजावं, मग बोलावं, अशी तिला सवय. गुरुवारी सुट्टी घेऊन तिने तीन थर्मामीटर आणले. एक सोफ्याच्या उंचीवर, एक पोटमाळ्यावर बाबांच्या उशाशी, एक काठीला बांधून थेट स्लॅबखाली.

दुपारी चारला खाली बत्तीस, उशाशी साडेपस्तीस, स्लॅबखाली अडतीस. बाहेर छत्तीस होतं. म्हणजे वर तापलेली हवा बाहेरच्याहून गरम होती आणि तिला जायला वाटच नव्हती. काचेच्या वर दोन झरोके होते खरे, पण आधीच्या मालकाने कबुतरांच्या त्रासाने त्यावर अ‍ॅक्रिलिकचे पत्रे ठोकले होते. एसीचा गारवा जड, तो खाली सोफ्यावर उतरायचा. पोटमाळ्यावरचा पंखा स्लॅबखालची ऊब बाबांच्या अंगावर ढकलायचा.

ती वर गादीशी ओणवी होऊन आकडे लिहीत होती, तेव्हा खाली सोफ्यावर विठ्ठलराव बॉयलरवरच्या जुन्या सोबत्याशी फोनवर बोलू लागले. संचिता वर आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. मार्बलची जमीन, काच, उघड्या भिंती. आवाज कुठेच मुरत नव्हता. शब्दाला शेपूट लागून तो वर येत होता, पण एकूण एक कळत होता.

"नाय रे दगडू, सून चांगली हाये. त्याच्यामुळंच जायचं. ती खाली बहिणीशी बोलते, नवराबायको भांडतात, हसतात, सगळं मला वर ऐकू येतं. कान बंद करता येतात का? परवा म्हणाली, सतत कुणीतरी वरून बघतंय असं वाटतं. खोटं काय बोलली? पोरांच्या घरात मी वॉचमन होऊन बसलोय. आणि गरम तर असं, की आमचं बॉयलर हाऊस परवडलं."

संचिताच्या हातातली पेन्सिल थांबली. ते वाक्य तिचंच होतं. बहिणीला ती हसत बोलली होती.

ती जिना उतरून खाली आली. "बाबा, मी वर होते. सगळं ऐकलं."

विठ्ठलराव गोंधळले. "तू... कधीपासून?"

"ते मी बोलले होते, आणि चुकीचं बोलले. पण मला आत्ता कळलं, वर राहणं म्हणजे काय असतं ते. तुम्ही दोन महिने हे ऐकताय?"

"ऐकत नाय, ऐकू येतं," ते म्हणाले, आणि दोघांनाही हसू फुटलं. मग संचिताने वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावला आणि आकड्यांवर बोट फिरवलं.

"केदार काच लावतोय वर? म्हणजे बॉयलरला झाकण. वरची हवेची झडप, डॅम्पर, बंद ठेवायची आणि आत माणूस झोपवायचा."

"तेच मी म्हणतेय!"

"एकाच वेळेचे आकडे काय कामाचे? दर तासाला घ्यायला पायजेत. आम्ही शिफ्टभर लॉग लिहायचो." वही त्यांनी आपल्याकडेच ठेवून घेतली.

शुक्रवारी दुपारी रघु मिस्त्री टेप घेऊन आला, तेव्हा आदल्या रात्रीच्या आणि सकाळी सहापासूनच्या नोंदी तयार होत्या. केदारने आधी कटकट केली, "अहो बाबा, काचेचा अ‍ॅडव्हान्स दिलेला आहे मी."

"दे सोडून. इकडं बघ," विठ्ठलरावांनी वही पुढे केली. "अकरापर्यंत वर-खाली अर्ध्या डिग्रीचा फरक. एकनंतर ऊन काचेवर येतं, मग वरचा पारा चढतो तो रात्री दहापर्यंत उतरत नाय. ही सकाळची जागा हाय. झोपायची नाय."

केदारने वही हातात घेऊन आकडे वाचले. "मग तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेनं दिलीस. काय बोलणार?"

संचिताने तेव्हाच सांगून टाकलं, "उघड्या पोटमाळ्यावर आवाज अडत नाही. भिंतींना काहीही लावलं तरी घुमणं कमी होईल, ऐकू येणं थांबणार नाही. बाबांना दरवाजा असलेली खोली हवी."

त्या दोघांच्या बेडरूमशिवाय दरवाजा असलेली खोली एकच होती, खालची, केदारच्या ऑफिसची. केदारचं तोंड पडलं. "मग मी काम कुठे करू?"

"वर," विठ्ठलराव म्हणाले. "अकरापर्यंत. राजासारखा बस."

रघु खदखदून हसला. "साहेब, आता तर बसावंच लागेल!"

काच रद्द झाली. त्याऐवजीचं काम दहा दिवस चाललं. विठ्ठलरावांनी रविवारचं जाणं 'काम बघेपर्यंत' पुढे ढकललं. झरोक्यांचे पत्रे काढून जाळी लावली, एकात एक्झॉस्ट पंखा बसवला. विठ्ठलरावांनी उदबत्ती पेटवून झरोक्याखाली धरली. धूर सरळ बाहेर ओढला गेला, तेव्हा त्यांनी कुणाला तरी शाबासकी द्यावी तशी भिंत थोपटली. काचेला आतून जाड, फिकट पडदा लागला, काचेपासून चार बोटं अंतर सोडून, म्हणजे मधली तापलेली हवा वर चढून झरोक्यातून निघून जाईल. दिवाणखान्याच्या पंख्याची दांडी वाढवून तो खाली आणला. काचेसमोरच्या उघड्या भिंतीवर रघुने लाकडी चौकटीत आवाज शोषणारं रॉकवूल भरून, वरून सुती कापड ताणून सहा फलक लावले. जमिनीवर सतरंजी आली.

काम संपल्यावरच्या सोमवारी दुपारी चारला नोंद होती: उशाच्या जागी साडेबत्तीस. खाली एकतीस. संचिताने दिवाणखान्याच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. आधी ती टाळी भिंतीभिंतींवर फडफडत राहायची; आता वाजली आणि संपली.

"पूर्ण गेलं नाही," ती म्हणाली. "जोरात बोललं तर वर अजून कळतंच."

"मग वर बसणारा तुझा नवराच हाय ना," विठ्ठलराव म्हणाले. "त्याला ऐकू दे."

त्यांनी आपल्या नव्या खोलीत जाऊन आतून कडी लावून पाहिली, काढली, परत लावली. बऱ्याच वेळाने बाहेर आले, ते टेप हातात घेऊनच.

"केदार, ठाकुर्लीचं लोखंडी कपाट साडेसहा फूट. खिडकीशेजारी बसतं. टेम्पो कधी सांगतोस?"

"बाबा, ते गंजलेलं कपाट? नवीन घेऊ ना!"

"नवीन तू वर घे, तुझ्या ऑफिसला," विठ्ठलराव म्हणाले. "माझ्या खोलीत माझं कपाट."