काम चालू छे

पेटीवाल्याच्या दुकानाचं दार बंद होतं आणि दारावर एक कागद डकवलेला होता. कागदावर हाताने लिहिलेल्या दोन ओळी दिसत होत्या. त्यांच्याखाली कागद दमटपणाने वर गुंडाळला गेला होता. ओळी गुजराती होत्या.

"सरक, मी वाचतो," दादा म्हणाला.

चिमी सरकली. सकाळपासून तिचा हा भाऊ दिसेल ती पाटी वाचत सुटला होता. झालं असं, की येताना एके ठिकाणी रस्ता खणलेला होता आणि आडव्या लावलेल्या पिंपावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. दादाने जीपच्या काचेला नाक लावून ते सोडवलं. डोक्यावरची रेघ पुसली की ही तर आपलीच अक्षरं. 'म' तोच, 'स' तोच, 'व' तोच. 'र' म्हणजे आपला दोनचा आकडा. 'रस्तो' म्हणजे रस्ता, हे कळलं आणि मग बाकीचं अंदाजाने जुळत गेलं: 'रस्तो बंध छे. काम चालु छे.' जीपवाला म्हणाला, बरोबर. तेव्हापासून दादा असा बसला होता, जणू त्याला पोथीच उलगडली.

आताही त्याने बोट ठेवलं. "हे बघ. पहिला शब्द सोड. पुढे 'बंध छे'. तेच पिंपावरचं. खालच्या ओळीत शेवटी, हे, 'काम चालु छे'. संपलं. काहीतरी बंद, काहीतरी काम चालू. आत फरश्या उपटल्या असणार."

"आणि मधले शब्द?"

"मधल्या शब्दांनी काय होतंय? वरण-भात कळला ना, मग चिंच किती घातली ते कशाला विचारतेस?"

त्याने दारावर थाप मारली. दादाची थाप म्हणजे थाप. तो पिठाची गिरणी चालवायचा. जन्मभर पट्ट्याच्या घरघरीवरून ओरडून बोलायची सवय, आणि कानही अर्धे त्या घरघरीने नेलेले. "अहो, पेटीवाले," त्याने हाक दिली, तशी समोरच्या वळचणीतली कबुतरं उडाली.

दार ढिम्म.

पेटी त्यांच्या वडिलांची, आबांची होती. उभं आयुष्य आबांनी कीर्तनाला पेटीची साथ केली. मग घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. घरातल्यांना वाटलं, आता हे पाटीवर लिहून बोलतील. आबांनी पाटी बाजूला सारली आणि पेटी पुढे ओढली. पाणी हवं असलं की एक सूर, जेवणात मीठ कमी असलं की दुसरा, सुनेवर खूश असले की अख्खी तान. नातवंडांनाही ती भाषा तोंडपाठ झाली. पण या पावसाळ्यात पेटीला ओल लागली. प्रत्येक पट्टीखाली दोन सूर, म्हणजे पितळी जिभा, बसवलेले होते. दोघांनी एकच बोलायचं तर दोघं दोन बाजूंना गेले, आणि पट्टी दाबली की आवाज थरथरायचा, थंडीने कुडकुडल्यासारखा. आबांनी एकदा दाबून पाहिलं, हात मागे घेतला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर त्यांनी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. पाणीसुद्धा मागितलं नव्हतं.

इकडच्या भागात जीप घेऊन येणाऱ्या माणसानेच पेटी या कारागिराकडे पोचवली होती आणि निरोपही त्यानेच आणला होता: आज या, घेऊन जा. जीप दुपारी परत निघायची. दुसरी गाडी थेट उद्या.

"फोन लाव," दादा म्हणाला.

"लावला. बंद आहे."

"तो पण बंध छे," दादा म्हणाला आणि पुन्हा दार बडवलं.

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी एक बाई वाकली. "काम चालु छे, भाई," ती म्हणाली. "बेसो."

"बघ, मी काय म्हणालो," दादा बहिणीला म्हणाला. मग वर बघून, "बसायला वेळ नाहीये, बाई. पेटी पाहिजे, पेटी." हातांनी त्याने भाता मारून दाखवला. बाईने काहीतरी भराभरा सांगितलं, त्यातलं एक अक्षर दोघांना कळलं नाही, आणि कपाळाला हात लावून ती आत गेली.

"आपल्यालाच वेड्यात काढून गेली," दादा म्हणाला.

तो मागच्या बाजूला जाऊन आला. मागे भिंत होती. शेजारच्या कुलूपवाल्याला विचारून आला. त्याने दाराकडे बोट दाखवलं. दर फेरीनंतर दादाची एक थाप आणि एक हाक ठरलेली. उन्हाचा पट्टा पायरी चढून दारापाशी आला. चिमी दाराजवळच्या लाकडी बाकड्यावर टेकली होती. तिला मधूनच एक बारीक सूर ऐकू येत होता, लांबून कुठूनसा. कान देईपर्यंत दादा ओरडायचा आणि सूर थांबायचा.

"दादा, जरा गप्प बस ना."

"गप्प बसून पेटी मिळते का? तुझं सासर तुला गप्प बसायला शिकवतं, मला नको शिकवूस. फरश्या बसवायच्या होत्या तर निरोप कशाला धाडला? माणसं काय रिकामी आहेत? गिरणीत लोकांची दळणं रांगेत ठेवून आलोय मी."

"फरशीवर हातोडा पडतो," चिमी म्हणाली. "हातोडा ऐकलास तू?"

"मला काय ऐकू येतंय?"

हे मात्र खरं होतं. चिमी उठली. कागदापाशी गेली आणि दादाने सोडलेल्या शब्दांवर बोट ठेवलं. दुसऱ्या ओळीचं पहिलं अक्षर 'स', त्याला खाली उकार. पुढे दोनचा आकडा, म्हणजे 'र'.

"सुर," ती म्हणाली.

"सुरू. काम सुरू, काम चालू. एकच ते."

"एकच गोष्ट दोनदा कोण लिहील? तू थांब." पुढचा शब्द लांबलचक होता. 'म' ओळखीचा, त्यावर मात्रा. मग एक अक्षर अनोळखी, वेटोळ्यासारखं. मग 'व', पुन्हा 'व'. "मे-काहीतरी-वव." तिने सुरापासून पुन्हा सुरुवात केली, गाण्याची ओळ अडली की मागून धरतात तशी. लहानपणी आबांच्या मांडीला मांडी लावून ती बसायची. कीर्तन उभं राहण्याआधी आबा तंबोऱ्याच्या खुंट्या पिळत बसायचे, आणि कुणी बोललं की डोळे वटारायचे. काय म्हणायचे?

"मेळव," ती म्हणाली. "सूर मेळववा... दादा, सूर मेळवायचं काम चालू आहे. तो आत आहे. आपलीच पेटी लावतोय."

"मग दार का बंद?"

चिमीने कागदाची गुंडाळी नखाने सोडवली आणि तळव्याने सपाट धरली. खाली आणखी दोन ओळी होत्या. पहिलीचं पहिलं अक्षर 'ह', पुढचं पिंपावरच्या 'काम'मधलं 'क'. मग 'मारवी'. शेवटचा शब्द 'नहि'.

हे दादानेच वाचलं. वाचताना त्याचा आवाज गिरणी बंद करताना चाक मंदावतं तसा उतरत गेला. "हाक मारवी नहि."

त्याखालच्या ओळीत 'बांकडा' होता, आणि 'बेस' होतं. दोघांनी बाकड्याकडे पाहिलं.

दादा त्यावर बसला. तोंड मिटलं. आता आतला सूर चिमीला स्वच्छ ऐकू आला: एक पट्टी, दोन सूर, त्यांची थरथर. मग धातूवर धातूचं हलकं खरखरणं. पुन्हा तीच पट्टी.

खरखर थांबली आणि दार उघडलं. म्हातारा कारागीर, डोळ्याला भिंग बांधलेलं, हातात पेटीच्या पट्टीएवढी कानस. त्याने दोघांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "हाक कोणे मारी?"

दादाला एकूण एक शब्द कळला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला वाटलं, न कळता तर बरं झालं असतं. त्याने हात वर केला, शाळेतल्यासारखा.

कारागीर त्यांना आत घेऊन गेला. पेटी उघडून ठेवलेली होती. त्याने एक सूर काढून चिमीच्या तळहातावर ठेवला. चौकटीत बसवलेली पितळेची नाजूक जीभ. टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, हे त्याने कानस फिरवून आणि हात वर-खाली करून समजावलं. मग दाराकडे बोट केलं, स्वतः दचकल्यासारखं केलं आणि टोकावर कानस जास्त ओढली गेल्याचं दाखवलं. सूर वर गेला होता. आता बुडाशी घासून उतरवायचा. पितळ पातळ, पुन्हा हात चुकला तर ही जीभ गेलीच. शेजारच्याही दोन-तीन पट्ट्या त्या आरडाओरड्यात अर्धवट राहिल्या होत्या.

"केव्हा होईल?" चिमीने विचारलं.

"सांजे."

सांज. तोही शब्द आपलाच. दादाने कपाळ चोळलं.

कारागिराने खांदे उडवले: हवी तर अशीच न्या. त्याने सूर जागेवर बसवून पट्टी दाबली. मधला सा. आबा प्रत्येक बोलणं ज्यावरून सुरू करायचे, तोच. थरथर जाईना. चिमीने नको म्हणून मान हलवली.

दोघं बाहेर येऊन बाकड्यावर बसले. दार पुन्हा लागलं. आतून सूर आला, थरथरता, मग खरखर, मग सूर. थरथरीच्या लाटा जरा सावकाश झाल्यासारख्या वाटल्या.

"काय म्हणतोय?" दादाने विचारलं. तो कुजबुजायचा प्रयत्न करत होता.

"दोन्ही सूर जवळ येतायत."

एवढ्यात दादा ताडकन उठला. कोपऱ्यावर जीप वळत होती. ठरलंच होतं, की जीपवाला कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवणार. आणि त्याचा हॉर्न म्हणजे बैल दचकवायचा. दादा धावला. चपला हातात घेऊन धावला, वाजू नयेत म्हणून. जीपसमोर उभा राहून त्याने दोन्ही हात बॉनेटपुढे धरले आणि मग खिडकीशी येऊन अगदी हळू म्हणाला, "तू जा."

जीपवाल्याने या माणसाला कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. त्याने चटकन गाडी बंद केली. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. काम चालू आहे."

"अहो, आता मी इकडे परत येणार ते उद्या सकाळी. गिरणीचं काय?"

"उपाशी नाही मरत कुणी एका दिवसात. घरी सांग, आम्ही उद्या येतो. आबांना सांग..." दादा थांबला. आबांना काय सांगायचं? आज आणतो म्हणून सांगून आले होते, आणि आजचा दिवस वाया गेला होता तो त्याच्याच घशापायी. "त्यांना काही सांगू नकोस. आणि हॉर्न इथे नाही. पुढच्या वळणावर गेल्यावर वाजव पाहिजे तेवढा."

जीप हळूहळू मागे गेली. तो परत आला तेव्हा घामाने डबडबला होता आणि स्वतःवर इतका चिडला होता की चिमीकडे बघेना. थोडी सरकून तिने त्याला सावलीतली जागा दिली.

आत कारागिराने पट्टी धरून ठेवली. लाट आली, मग बऱ्याच वेळाने आणखी एक आली, आणि नंतर आलीच नाही. दोन सूर होते, हे आता कुणाला सांगूनही पटलं नसतं.

"लागला," चिमी ओठांनीच म्हणाली.

दादाला ऐकू आलं नव्हतं. पण तिचा चेहरा त्याला वाचता आला. मग आतून शेजारची पट्टी वाजली, तीही थरथरत, आणि खरखर पुन्हा सुरू झाली. गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल वळली. दादा उठला, ओठांवर बोट ठेवलं, आणि अनवाणीच तिच्या दिशेने चालू लागला.