बसऱ्याला जायची ओवी

दानीएल मास्तरांच्या अक्षराला बेलापुरात तोड नव्हती, आणि मास्तरांनाही ते जरा जास्तच ठाऊक होतं. शाळेच्या संमेलनाला त्यांनी बायकोची ओवी मोठ्या फलकावर रंगवली. कुणीतरी त्याचा फोटो काढला. तोच फोटो खिशात घालून त्यांचा मुलगा शांतवन पलटणीत गेला आणि त्रेचाळीस साली इराकातल्या बसऱ्याच्या इस्पितळात तापानं वारला.

वर्षभरानं फोटो परत आला, सोबत अरबी पत्र. मशिदीतल्या इब्राहीम मौलवींनी ते वाचून दाखवलं. इस्पितळातल्या युसुफ नावाच्या चाकरानं लिहिलं होतं : हे आईचं गाणं आहे, एवढंच तो सांगायचा. आमच्या भाषेत करून पाठवा. फळीवर लिहून कबरीशी ठेवीन. येणाऱ्याजाणाऱ्याला कळेल, हे कुणाचं तरी लेकरू आहे.

मौलवी चार दिवस फोटो घेऊन बसले आणि शेवटी मास्तरांच्या घरी आले.

"मास्तर, अर्थ उतरतो, पण चाल बसत नाही. हे बघा."

फोटोत तीन ओळी होत्या :

दीस टेकला माळाला दिवा
टांगला दाराला भाकर
लागली जाळाला येरे बाळा

"ओळी तुम्ही फलकाच्या मापानं तोडल्यात. गाणारीचा श्वास कुठं तुटतो?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्षरं एकसारखी बसावीत म्हणून त्यांनी बायकोचं गाणं मोडलं होतं, आणि पोरगा ते मोडकंच उराशी धरून गेला.

"जात्याबिगर न्हाई सांगता यायचं," रेबेकाबाई आतून म्हणाल्या. शांतवन गेल्याची तार आल्यापासून त्या जात्याला शिवल्या नव्हत्या, दळण शेजारची छबूबाई करून देई. त्यांनी पदर खोचला, मूठभर जोंधळे घातले आणि खुंटा धरला.

आवाज फाटला, पण थांबला नाही. माळाला. दाराला. जाळाला. भाकर अजून पिठातच असायची, गाण्यात मात्र ती कधीच जाळाला लागलेली. मग जातं थांबलं. थोड्या वेळानं, जात्याशिवाय : येरे बाळा.

"इथं का थांबलात?" मौलवींनी विचारलं.

"त्यो वट्यावरनं ओ द्यायचा. जातं चालू असलं तर ऐकू यायचं न्हाई."

मौलवींनी तिथंच कागद मांडीवर घेतला. "अरबीत माळ मात्र सुटतो. तिकडं नुसताच दिवस कलतो." चार ओळी झाल्या. तिसरीनंतर त्यांनी बोटभर कोरी जागा सोडली आणि युसुफसाठी समासात लिहिलं, ही जागा भरू नये.

"आता तुम्ही दळा, बाई. मी म्हणतो."

जातं फिरू लागलं.

माल-न्नहार
किंदीलुना फिद्दार
खुब्झुना अलन्नार

रेबेकाबाईंना शब्द एकही कळत नव्हता, पण हात बरोबर जागेवर थांबला. घर गप्प झालं.

"तआल या बुनय्य," मौलवी हळू म्हणाले.

आणि तिघंही, माहीत असून, ओट्याकडं कान लावून बसली.